फळीवरचा माल आणि वहीतला माल

एप्रिलात तासगाव-पलूस पट्ट्यात द्राक्षबागांच्या खरड छाटणीची घाई असते. छाटलेल्या वेलीला नवी फूट यायची तर पाणी वेळेवर हवे, आणि शेततळ्यावरचा मोनोब्लॉक पंप नेमका याच दिवसांत आवाज करायला लागतो. शेतकरी तो उचलून दुरुस्तीच्या दुकानात आणतो. मिस्त्री खोलून बघतो, तर बेअरिंग गेलेले असते, ६२०५ नंबरचे. फळीवर ते नसते. पोऱ्याला शेजारच्या दुकानात पिटाळून जादा भावाने आणवले जाते. तिथेही नसले तर पंप दोन दिवस टेबलावर पडून राहतो. त्याच वेळी मागच्या खोलीत, आता कुणी वापरत नाही अशा मॉडेलचे इंपेलर पेट्यांतून न उघडलेले असतात. मालकाचा पैसा मालात अडकलेला आहे आणि तरीही हवा तो माल हाताशी नाही. छोट्या फर्मच्या साठ्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी असाच दुहेरी असतो.

दरवर्षी बीबीए, बी. कॉम., एमबीए किंवा अभियांत्रिकी पदविकेचे कितीतरी विद्यार्थी प्रकल्पासाठी अशाच फर्ममध्ये जातात. ‘साठा व्यवस्थापन’ हा त्यांचा आवडता विषय. पण त्यातून तयार होणारा अहवाल पुष्कळदा एकाच साच्याचा असतो. पहिली वीस पाने पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांची. मग पाच कामगारांना वाटलेली प्रश्नावली: ‘सध्याच्या साठा पद्धतीबद्दल आपण समाधानी आहात का?’ मग त्या पाच उत्तरांचे रंगीत वर्तुळ-आलेख आणि शेवटी ‘कंपनीने संगणकीकरण करावे’ ही शिफारस. अहवाल काळ्या पुठ्ठ्यात बांधला जातो, गुण मिळतात, आणि दुकानातले ६२०५ पुढच्या एप्रिलात पुन्हा संपते.

चांगल्या अहवालाचा आराखडा वेगळा असतो. त्याचा कणा मोजणीचा असतो, मतांचा नसतो. तो कसा उभा राहतो हे समजण्यासाठी वर सांगितले तसेच एक दुकान उदाहरण म्हणून घेऊ: पंपाचे सुटे भाग विकणारे आणि मोटर दुरुस्तीही करणारे, मालक, दोन मिस्त्री, एक वाइंडर आणि काउंटरवरचा एक मुलगा एवढ्यांचे. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण अशा धंद्यात आढळते तसेच ठेवले आहे.

पहिले प्रकरण प्रश्न ठरवण्याचे. ‘अमुक फर्ममधील साठा व्यवस्थापनाचा अभ्यास’ हे शीर्षक विद्यापीठाला चालते, पण त्यात काय शोधायचे ते कळत नाही. आठ आठवड्यांत एका विद्यार्थ्याला सगळा माल तपासता येत नाही. म्हणून प्रश्न अरुंद करावा: ‘सर्वाधिक खपाच्या तीस वस्तू हंगामात का संपतात, आणि एक वर्ष न हललेल्या मालात किती पैसा अडकला आहे?’ या एका वाक्याने पुढचे सगळे काम ठरते. कोणती बिले बघायची, काय मोजायचे, कुणाशी बोलायचे, हे त्यातून आपोआप निघते. मार्गदर्शक शिक्षकाने सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो याच वाक्याला.

दुसऱ्या प्रकरणात फर्मची ओळख येते. स्थापना कधी झाली, मालकाचे शिक्षण किती, हे दोन परिच्छेदांत उरकावे. खरी जागा द्यावी ती मालाच्या वाटेला. पार्सल आले की ते कोण उघडतो? बिलाशी ताडून कोण बघतो? रजिस्टरमध्ये नोंद त्याच दिवशी होते की शनिवारी? मिस्त्री फळीवरून बेअरिंग उचलतो तेव्हा काही लिहितो का? शेतावर जाऊन काम करायचे असेल तेव्हा पिशवीत टाकून नेलेले चार सुटे भाग परत आले तर ते कुठे ठेवले जातात? विद्यार्थ्याने दोन-तीन दिवस काउंटरजवळ नुसते उभे राहून ही वाट टिपली, तर आजाराचे निम्मे निदान तिथेच होते.

तिसरे प्रकरण सहसा कुठल्याच अहवालात नसते, आणि तेच सगळ्यात जास्त कष्टाचे आहे. ते म्हणजे नावांची साफसफाई. रजिस्टरमध्ये एका पानावर ‘बेअरिंग ६२०५’ असते, दुसऱ्यावर ‘६२०५ झेडझेड’, तिसऱ्यावर नुसतेच ‘२५ ची बेअरिंग’. तिन्ही एकच आहेत का? जाणकार मिस्त्री सांगेल की या मालिकेत शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०५ म्हणजे २५. म्हणून ‘२५ ची’ हे नाव पडले. पण ६२०५ झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याचे झाकण असते, नुसते ६२०५ उघडे असते, आणि रबरी सील असलेले तिसरेच. काही मोटरींना आत थोडी जास्त मोकळीक असलेले, सी-३ खुणेचे लागते. म्हणजे एका वस्तूची तीन नावे आहेत आणि एका नावाखाली तीन वस्तूही आहेत, दोन्ही घोटाळे एकाच खणात. ही यादी स्वच्छ केल्याशिवाय पुढचे एकही गणित बरोबर येत नाही. आपल्या उदाहरणातल्या दुकानात रजिस्टरमध्ये ३४० नावे होती असे धरू. मिस्त्रीजवळ बसून एकेक खण उघडून बघितल्यावर खऱ्या वस्तू २६० निघतात.

एककांचाही असाच गोंधळ असतो. वाइंडिंगची तांब्याची तार किलोवर येते आणि रिळावर राहते. अर्धे वापरलेले रीळ काट्यावर ठेवले की त्यात रिकाम्या रिळाचे वजनही येते. प्रत्येक प्रकारचे रिकामे रीळ एकदा तोलून त्याचे वजन यादीत लिहून ठेवले नाही, तर तारेचा साठा कायम फुगलेला दिसतो. ही तार दुकानातली सगळ्यात महाग वस्तू असल्यामुळे ही चूक स्वस्त पडत नाही. ग्रीस डब्यात घेतले जाते आणि बोटाने वापरले जाते. त्याचा नगावर हिशेब ठेवण्याचा आग्रह धरू नये. डबा संपत आला की दुसरा मागवायचा, एवढे पुरे.

मग मोजणी. अहवालाचा जीव या प्रकरणात आहे. मोजणी दुकान उघडण्याआधी किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करावी, कारण चालू धंद्यात माल हलत असतो आणि मोजलेला आकडा दहा मिनिटांत शिळा होतो. दोघांनी मोजावे आणि मोजणाऱ्याला रजिस्टरमधला आकडा आधी सांगू नये. ३४ असायला हवेत हे माहीत असले की एकोणीस मोजून झाल्यावर माणूस उरलेले पंधरा शोधत बसतो, किंवा कुठल्या तरी दुसऱ्या खणातले त्यात धरतो. निवडलेल्या तीस वस्तूंची मोजणी झाली की तीन रकाने लिहायचे: वहीत किती, फळीवर किती, फरक किती.

समजा ६२०५ झेडझेड वहीत ३४ आणि फळीवर १९ निघाले. पंधराचा फरक. बरेच विद्यार्थी इथे ‘नोंदी अचूक नाहीत’ असे एक वाक्य लिहून पुढे जातात. पण शोध इथूनच सुरू होतो. मागच्या तीन महिन्यांच्या जॉब-स्लिपा काढल्या, तर आठ नग मिस्त्रीने शेतावरच्या कामांना नेलेले दिसतात. स्लिपेवर लिहिलेले आहे, रजिस्टरमध्ये चढलेले नाही. शेजारच्या खणात ६२०६ चे वहीपेक्षा चार नग जास्त निघतात. म्हणजे बिल करताना चार वेळा चुकीचा नंबर पडला. एकाचा तुटवडा हा दुसऱ्याचा वाढावा आहे. दोन नग हमीच्या दुरुस्तीत फुकट बदलून दिले आणि बिल झाले नाही म्हणून नोंदही झाली नाही. एका नगाचा पत्ता लागत नाही. आठ, चार, दोन आणि एक. पंधराचा हिशेब लागला.

या एका शोधाने कारणांची क्रमवारी हातात येते. चोरीचा संशय घेऊन कॅमेरा बसवण्याचा विचार मालकाच्या मनात असेल, तर तो या दुकानापुरता तरी चुकीच्या रोगावरचा उपाय ठरेल. पंधरापैकी आठ नग एका साध्या कारणाने हरवले होते: बाहेरच्या कामाची स्लिप संध्याकाळी रजिस्टरपर्यंत पोचत नव्हती. मात्र एका वस्तूवरून सगळ्या दुकानाबद्दल बोलू नये. असा माग किमान दहा-बारा वस्तूंचा काढला, आणि तेच कारण पुन्हा पुन्हा दिसले, तरच तो निष्कर्ष म्हणून लिहावा.

यानंतर वर्गीकरण येते. ए-बी-सी पद्धत हा विद्यार्थ्यांचा पाठ असलेला भाग. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ती मांडली आणि नंतर जगभरच्या गोदामांत ती पसरली. कृती सोपी आहे. वर्षभरात प्रत्येक वस्तू किती लागली त्याला खरेदी दराने गुणायचे, येणाऱ्या रकमा मोठ्याकडून लहानाकडे मांडायच्या आणि वरून बेरीज करत यायचे. आपल्या दुकानात वर्षाची खरेदी ४० लाख धरली, तर वरच्या ३० वस्तूंवर २८ लाख, पुढच्या ६० वर ८ लाख आणि उरलेल्या १७० वस्तूंवर मिळून ४ लाख, असे काहीसे चित्र येते. वरच्या तीस वस्तूंची मोजणी दर महिन्याला करायची, खालच्या १७० ची वर्षातून एकदा. मालकाचा वेळ कुठे खर्च व्हावा हे त्यातून ठरते.

पण दुरुस्तीच्या दुकानात ही यादी एकटी वापरली तर फसवते. मोनोब्लॉकचे बेअरिंग का जाते? अनेकदा शाफ्टवरचे मेकॅनिकल सील झिजते, तिथून पाणी आत शिरते आणि बेअरिंग गंजते. म्हणून शहाणा मिस्त्री बेअरिंग बदलताना सीलही बदलतो, आणि त्यासोबत थोडक्या पैशांची ओ-रिंग. ही ओ-रिंग रकमेच्या यादीत अगदी तळाला असते. ती नसली तर नवे बेअरिंग, नवे सील आणि मिस्त्रीची मजुरी सगळे अडून बसते. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ही वस्तू नसली तर काम थांबते का? थांबत असेल, तर ती कितीही स्वस्त असो, तिचा साठा भरपूर ठेवावा. तिच्यात अडकणारा पैसा नगण्यच आहे. विद्यार्थ्याने जॉब-स्लिपा चाळून कोणते भाग नेहमी जोडीने लागतात याची छोटी यादी केली, तर दुकानाला ती अहवालातल्या इतर दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आता सूत्राकडे. एका वेळी किती माल मागवावा याचे प्रसिद्ध सूत्र फोर्ड डब्ल्यू. हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये एका कारखानदारीविषयक मासिकात प्रसिद्ध केले. थोडा थोडा मागवला तर दर वेळचा खर्च वाढतो, एकदम मागवला तर साठवण्याचा खर्च वाढतो. दोहोंची बेरीज जिथे सर्वात कमी, ती संख्या शोधायची. ६२०५ वर्षाला ४८० लागतात, दर १५० रुपये, एका ऑर्डरमागे पार्सल आणि तपासणी मिळून ६० रुपये, आणि एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च किमतीच्या वीस टक्के, म्हणजे ३० रुपये धरू. या वीस टक्क्यांत बँकेचे व्याज, जागा आणि गंजून वाया जाणारा माल येतो. एक्सेलमध्ये एक ओळ पुरते:

```
=SQRT(2*480*60/30)
```

उत्तर येते ४३.८. पुरवठादार दहाच्या पेटीत देत असेल तर ४० घ्या. अनेक अहवाल इथे येऊन समाधानाने थांबतात. पण पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: यातून वाचले किती? मालक आजवर एका वेळी शंभर नग मागवत होता असे धरले, तर ऑर्डर आणि साठवण मिळून वर्षाचा खर्च १,७८८ रुपये होतो. ४० नगांनी तो १,३२० वर येतो आणि ५० मागवले तरी १,३२६ च राहतो. म्हणजे बचत वर्षाला साडेचारशे रुपयांच्या आसपास, आणि थोडे इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही. सूत्र चुकीचे नाही, पण या दुकानाचे दुखणे तिथे नाही. हे प्रामाणिकपणे लिहिणारा विद्यार्थी सूत्र समजलेला असतो.

खरे दुखणे ‘किती’पेक्षा ‘केव्हा’ यात आहे. ४८० ला बाराने भागले की महिन्याला ४० येतात. माल यायला सहा दिवस लागतात, म्हणून आठ नग उरले की मागवा, असे सरासरीचे गणित सांगते. आता खरेदी-विक्रीची बिले महिन्यानुसार लावून बघू. फेब्रुवारीत ५०, मार्चमध्ये ७५, एप्रिलमध्ये ८०, मेमध्ये ७५. चार महिन्यांत २८० नग गेले आणि उरलेल्या आठ महिन्यांत मिळून २००. ऑगस्टमध्ये तर अवघे १५. एप्रिलात त्या सहा दिवसांत सोळा नग लागतात आणि हाताशी आठच असतात. शिवाय हंगामात पुरवठादारावरही ताण असतो; मागच्या बिलांवरच्या तारखा आणि ऑर्डरचे फोन ताडून बघितले तर सहाचे दहा दिवस झालेले दिसतात. दहा दिवसांचा एप्रिलचा खप म्हणजे सत्तावीस नग.

तेव्हा शिफारस एका आकड्याची असू शकत नाही. फेब्रुवारी ते मे तीस नग उरले की ऑर्डर द्यायची, इतर महिन्यांत बारा उरले की. बारा यासाठी की त्या आठ महिन्यांतला सर्वात जास्त खप जूनचा, ३५ नगांचा, आणि त्याचा दहा दिवसांचा हिस्सा साधारण तेवढाच होतो. खणाच्या तोंडाशी दोन रंगांचे एक कार्ड लावले की काउंटरवरच्या मुलालाही हे सांभाळता येते. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुनर्मागणीची पातळी भरण्याची सोय असते. पण तिथेही आकडा हंगामाच्या आधी माणसानेच बदलायचा असतो. स्वस्त वस्तूंसाठी तर कार्डाचीही गरज नाही. ओ-रिंगा दोन डब्यांत ठेवायच्या, पहिला डबा रिकामा झाला की मागवायच्या आणि तोवर दुसऱ्यातून वापरायच्या.

या आकड्यांना मर्यादा आहे आणि ती अहवालात लिहिली पाहिजे. हे एका वर्षाचे हंगाम-चित्र आहे. पाऊस लांबला तर जून एप्रिलसारखा जातो. शक्य असेल तर तीन वर्षांची बिले बघावीत. नाही मिळाली तर एकाच वर्षावर हे उभे आहे, असे स्पष्ट म्हणावे.

पडून राहिलेल्या मालाचे प्रकरण नाजूक असते. शेवटची विक्री बारा महिन्यांपूर्वी झालेल्या वस्तूंची यादी करायची. सहा महिन्यांचा निकष लावू नये, कारण मग हिवाळ्यात मोजणाऱ्याला उन्हाळी माल मेलेला वाटेल. यादीत एक पूर्ण हंगाम यायलाच हवा. आपल्या दुकानात एकूण ९ लाखांच्या साठ्यात असा माल १ लाख ७० हजारांचा निघाला, तर वीस टक्क्यांनी तो वर्षाला ३४ हजार रुपये खातो. सूत्राने वाचवलेले साडेचारशे रुपये याच्या शेजारी ठेवून बघावेत.

मग मालक तो काढून का टाकत नाही? त्याला अडाणी समजण्याआधी विद्यार्थ्याने त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात. दुकान बँकेच्या कॅश क्रेडिटवर चालत असेल तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते. नऊ लाखांच्या मालातून पुरवठादारांचे देणे तीन लाख वजा केले आणि उरलेल्यातून पंचवीस टक्के मार्जिन काढले, की साडेचार लाख उचलता येतात. जुना माल वगळला तर हीच रक्कम सव्वातीन लाखांच्या खाली येते. हंगामाच्या तोंडावर सव्वा लाखाची उचल कमी होणे मालकाला परवडत नाही. पण बँकेला दाखवलेला माल प्रत्यक्षात खपण्याजोगा नसणे हाही धोकाच आहे, आणि बऱ्याच बँका ठरावीक मुदतीपेक्षा जुना माल धरतही नाहीत. ताळेबंदात साठ्याची किंमत लावतानाही खरेदी किंमत आणि विकून हाती येणारी निव्वळ किंमत यांतली कमी असेल ती धरायची असते.

दुसरी अडचण जीएसटीची. माल नष्ट केला किंवा हिशेबातून काढून टाकला, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे त्यावर आधी घेतलेली कर-वजावट परत करावी लागते. कमी भावाने का होईना, बिल करून विकला तर गोष्ट वेगळी. म्हणून शिफारशींचा क्रम असा असावा: आधी पुरवठादार परत घेतो का हे विचारावे, मग जुने पंप अजून चालू असलेल्या भागातल्या दुरुस्तीवाल्यांना सवलतीत द्यावा, आणि शेवटी भंगारात, तोही बिलावर. प्रत्येक टप्प्याआधी फर्मच्या कर सल्लागाराशी बोलून घ्यावे. ‘डेड स्टॉक त्वरित काढून टाकावा’ असे एका ओळीत लिहिणे सोपे आहे, पण त्याने मालकाला काहीच मिळत नाही.

सुधारणा झाली की नाही हे कसे कळणार? काउंटरवर एक वही ठेवावी. ‘नाही’ म्हणावे लागले की तारीख, वस्तू आणि मग काय केले, एवढेच लिहायचे: शेजारून आणले, की गिऱ्हाईक परत गेले. गमावलेल्या विक्रीचे बिल कधीच होत नाही, त्यामुळे ही वही नसेल तर तिचा मागमूसही राहत नाही. इथे एक सापळा आहे आणि हुशार विद्यार्थीही त्यात अडकतात. एप्रिलात बावीस वेळा ‘नाही’ म्हणावे लागले, नवी कार्डे लावली, जूनमध्ये सहाच वेळा. म्हणजे त्र्याहत्तर टक्के सुधारणा? एप्रिलात १८० कामे आली होती आणि जूनमध्ये ७०. शंभर कामांमागे बघितले तर बारावरून साडेआठवर, एवढाच फरक. आणि त्यातलाही काही भाग हंगाम ओसरल्याचा असणार.

यावर उपाय असा की कार्डे निम्म्याच वस्तूंना लावायची. सारख्याच खपाच्या साठ वस्तू घेऊन तीसना कार्ड, तीस जुन्या पद्धतीने, आणि त्याच आठवड्यांत दोन्ही गटांतले ‘नाही’ मोजायचे. हंगाम दोघांनाही सारखाच लागू होतो, म्हणून उरलेला फरक कार्डाचा मानता येतो. इथेही एक काळजी घ्यावी: हा प्रयोग चालू असताना काउंटरवरचा मुलगा उरलेल्या तीस वस्तूंकडेही जास्त लक्ष देऊ लागतो, आणि फरक कमी दिसतो. तेही नोंदवावे.

अहवालाचा उरलेला भाग थोडक्यात आटोपतो. सिद्धांताला चार-पाच पाने पुरेत आणि त्यात तेच असावे जे पुढे वापरले आहे. प्रश्नावली अगदी हवीच असेल तर ती मिस्त्रींना तोंडी विचारावी आणि उत्तरे त्यांच्या शब्दांत द्यावीत. पाच माणसांच्या मतांना टक्केवारी लावू नये. गिऱ्हाइकांची नावे आणि पुरवठादारांचे खरे दर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय छापू नयेत. दर झाकायचे असतील तर सगळे एकाच पटीत बदलावेत, म्हणजे क्रमवारी तशीच राहते. परिशिष्टात मोजणीचे मूळ कागद लावावेत, खाडाखोडीसकट. आणि एक पान मालकासाठी वेगळे, मराठीत: कोणत्या तीस वस्तू, कोणत्या महिन्यांत किती उरल्या की मागवायच्या, आणि बाहेरच्या कामाची स्लिप रोज संध्याकाळी कुणी चढवायची.

काम सुरू करण्याची वेळही महत्त्वाची आहे. विद्यापीठाचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या हातात नसते, पण निवडीला वाव असेल तर पंपाच्या दुकानाचा प्रकल्प डिसेंबर-जानेवारीत घ्यावा. तेव्हा मिस्त्रीला बोलायला सवड असते, मोजणी निवांत होते आणि कार्डे फेब्रुवारीच्या आत खणांना लागतात. महाविद्यालयांनीही तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी मोजणीचा कागद समोर ठेवून घ्यावा, आणि त्यातल्या सर्वात मोठ्या फरकावर बोट ठेवून तो कुठून आला एवढेच विचारावे.